प्रत्येक मेलखाली डिस्क्लेमर चिकटवणं थांबवा, पहिल्या मेलपुरतं ठेवा

ऑफिसच्या मेलखाली येणारा तो लांबलचक मजकूर तुम्हा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. ‘हा संदेश गोपनीय आहे, चुकून आपल्याला मिळाला असल्यास पुसून टाकावा, मतं पाठवणाऱ्याची व्यक्तिगत आहेत, व्हायरसची जबाबदारी कंपनीची नाही...’ मी एका कंपनीत मेल सर्व्हरचं काम बघतो, आणि हा मजकूर लावण्याची सध्याची पद्धत बदलायला हवी असं माझं ठाम मत आहे. मजकूर असावा की नसावा हा वाद मी बाजूला ठेवतो. तो दर मेलला नव्याने लागतो, हे चुकीचं आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्या. हा मजकूर बहुतेक वेळा पाठवणारा माणूस टाकत नाही. त्याने ‘सेंड’ दाबल्यावर मेल सर्व्हरवर जातो, तिथे एक नियम बसवलेला असतो, आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मेलला तो नियम हे शेपूट, म्हणजे फूटर, जोडतो. पाठवणाऱ्याला स्वतःच्या ‘सेंट’ फोल्डरमध्ये ते दिसतही नाही. त्यामुळे समोरच्याला काय जातंय याची आपल्याच लोकांना कल्पना नसते.

आता साठतं कसं, ते बघू. समजा चाकणच्या एका कारखान्यातला खरेदी विभाग शिरोलीच्या एका फाउंड्रीशी कास्टिंगच्या दराबद्दल बोलतोय. दर किती, पॅटर्नचा खर्च कोणाचा, पहिला लॉट कधी, वाहतूक कोणाकडे. दोन्हीकडून सात-सात, असे चौदा मेल झाले. एकेक मेल सरासरी तीस शब्दांचा धरा, म्हणजे खरं बोलणं चारशेवीस शब्दांचं. कारखान्याचा फूटर १३० शब्दांचा, सात वेळा लागला की ९१० शब्द. फाउंड्रीवाल्यांनी स्वतःच्या सहीत ७० शब्दांचा मजकूर ठेवलाय, त्याचे ४९०. चारशेवीस शब्दांच्या बोलण्याला चौदाशे शब्दांचं ओझं, आणि शेवटच्या मेलमध्ये हे सगळं एकत्र.

पण आकड्यांपेक्षा मला जास्त खटकतं ते हे शब्द कुठे जाऊन बसतात ते. आपण उत्तर वर लिहितो आणि जुना मजकूर खाली तसाच राहतो. फाउंड्रीवाल्यांची सही मेल प्रोग्रॅम लावतो, म्हणून ती त्यांच्या त्या-त्या उत्तराखाली राहते. सर्व्हरला मात्र नवं उत्तर कुठे संपलं आणि जुनं कुठे सुरू झालं हे खात्रीने कळत नाही, कारण आउटलुक, जीमेल आणि फोनवरचे प्रोग्रॅम जुना मजकूर वेगवेगळ्या तऱ्हेने मांडतात. मग सर्व्हरचा फूटर सरळ अख्ख्या मेलच्या तळाशी जातो. दुसऱ्या खेपेला पुन्हा तळाशी, तिसऱ्या खेपेला पुन्हा. त्यामुळे चौदाव्या मेलमध्ये कारखान्याचे सातही फूटर अगदी पहिल्या मेलच्या खाली, एकाला एक लागून उभे असतात. तेराव्या उत्तरासाठी लावलेली गोपनीयतेची सूचना तेराव्या उत्तराच्या आसपास कुठेच नसते. जी सूचना वाचली जावी म्हणून लावली, ती कोणी वाचणारच नाही अशा जागी आपण स्वतः नेऊन ठेवतो.

‘जीमेल तर तीन टिंबांमागे सगळं झाकून टाकतं, मग त्रास काय?’ असं मला विचारतात. ज्याला स्क्रीन रीडरवर मेल ऐकावे लागतात, त्याला विचारा. माझ्या ओळखीचा एक अंध सहकारी जुन्या बोलण्यातला एक आकडा शोधायला खाली जातो, तेव्हा तेच इंग्रजी परिच्छेद एकामागून एक त्याच्या कानावर पडतात. पुढे नेमकं काय येणार हे ठाऊक नसल्याने त्याला सरसकट उड्या मारता येत नाहीत. आणि आपल्याकडे फाइलला लावायला मेलची प्रिंट आजही निघते. प्रिंटमध्ये तीन टिंबं नसतात, सगळी पानं निघतात. शिवाय मेल साधारण १०२ केबीच्या पुढे गेला की जीमेल तो अर्ध्यात कापतं. रंगीत, एचटीएमएल टॅगांनी भरलेले फूटर या मर्यादेकडे बरेच लवकर नेतात.

याला उपाय आहे आणि तो जुनाच आहे. मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंजमध्ये हा नियम बसवला की जोडण्याआधी जुना फूटर मेलमध्ये आहे का हे तो आपणहून तपासत नाही. ते आपण सांगावं लागतं. फूटरमध्ये खुणेचा एक शब्द घालायचा आणि नियमाला एक अपवाद द्यायचा: मेलमध्ये तो शब्द आधीच असेल तर पुन्हा जोडू नकोस.

```
New-TransportRule -Name "Footer" `
 -FromScope InOrganization `
 -SentToScope NotInOrganization `
 -ApplyHtmlDisclaimerLocation Append `
 -ApplyHtmlDisclaimerText "<p>... FTR7731</p>" `
 -ApplyHtmlDisclaimerFallbackAction Ignore `
 -ExceptIfSubjectOrBodyContainsWords "FTR7731"
```

इथे खुणेचा शब्द निवडताना काळजी घ्या. बरेच जण फूटरमधलं अख्खं वाक्य देतात. साध्या मजकुराच्या मेलमध्ये उत्तर देताना ओळी मोडतात, प्रत्येक ओळीपुढे ‘>’ लागतं, वाक्याचे दोन तुकडे होतात आणि नियमाला ते सापडत नाही. मग साठणं पुन्हा सुरू. म्हणून मध्ये जागा नसलेला, दुसरीकडे कुठे येणार नाही असा एकच शब्द ठेवा, आणि पुढे कधी मजकूर बदलला तरी ती खूण बदलू नका. समोरच्याने जुना भाग पुसून उत्तर दिलं तर पुढच्या मेलला फूटर पुन्हा लागेल, आणि तसंच व्हायला हवं.

वरच्या आज्ञेत ‘Ignore’ लिहिलंय तेही मुद्दाम. एन्क्रिप्ट केलेल्या मेलमध्ये सर्व्हरला मजकूर घुसवता येत नाही. अशा वेळी ‘Wrap’ ठेवलेलं असेल तर सर्व्हर नवा मेल बनवतो, त्यात फूटर टाकतो आणि मूळ मेल अटॅचमेंट म्हणून जोडतो. समोरच्याला उघडल्या-उघडल्या फक्त सूचना दिसते आणि आत काही नाही असं वाटतं. फूटरपायी मूळ निरोपच चुकणार असेल, तर त्या एका मेलला फूटर नसलेला बरा.

वकिलांकडून आणि वरिष्ठांकडून येणारा आक्षेप मला माहीत आहे: एखाद्या मेलला सूचना राहिली आणि नेमका तोच चुकीच्या माणसाकडे गेला तर? त्यांना माझं म्हणणं असं, की खाली एकतर्फी लिहिलेल्या ओळीने समोरच्यावर करार लादला जात नाही. त्याला सावध करणं एवढाच तिचा उपयोग, आणि तो एकदा दिसणाऱ्या ओळीने जास्त होतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२ प्रमाणे व्यावसायिक पत्रांवर कंपनीचं नाव, नोंदणीकृत पत्ता, सीआयएन म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक, फोन, ई-मेल हे लागतं. मेलवरही ते हवं असं तुमच्या वकिलांचं मत असेल तर जरूर द्या. पण ते दोन ओळींत मावतं आणि प्रत्येकाच्या सहीत नीट बसतं. त्यासाठी १३० शब्दांचा परिच्छेद लागत नाही.

तुमच्या ऑफिसात काय होतंय ते बघायचं असेल तर ऑफिसच्या खात्यावरून स्वतःच्या खाजगी मेलवर दोन ओळी पाठवा. दोन्हीकडून चार-पाच उत्तरं द्या, जुना मजकूर पुसू नका. मग खाजगी खात्यात आलेला शेवटचा मेल उघडा, प्रिंटचा प्रिव्ह्यू काढा आणि अगदी तळाला जा. तोच परिच्छेद लागोपाठ दिसला, तर त्या प्रिव्ह्यूची पीडीएफ आणि वरचा अपवाद तुमच्या आयटीवाल्यांना पाठवा. नियम आधीच बसवलेला असेल तर त्यांना फक्त फूटरमध्ये खुणेचा शब्द आणि नियमात तेवढी एक ओळ वाढवायची आहे.