फोटोतली लेन्स कोणती, हे विक्रेत्याकडून लिहून घ्या

«फोटोत कंपनीचा बॉक्स आणि सिरीयल नंबर दिसला की माल ओरिजिनलच. मेल-बिल करत बसू नका, व्हॉट्सअॅपवर विचारा, पाच मिनिटांत उत्तर येतं. आणि वॉरंटी कंपनीची असते, विक्रेत्याला ते विचारून उपयोग काय?»

ऑनलाइन लेन्स घेताना असा सल्ला मिळतो, मला तो पटत नाही. बॉक्सपासून सुरुवात करतो, कारण गेल्या महिन्यात आमच्या घरात घोळ तिथूनच सुरू झाला. माझा पुतण्या नाशिकला गंगापूर रोडला राहतो, लग्नाच्या फोटोंच्या ऑर्डरी घेतो. त्याने मुंबईच्या एका दुकानाची ऑनलाइन जाहिरात दाखवली: Canon EF 50mm f/1.8 STM, बॉक्स उघडलेला पण न वापरलेली, एक वर्ष वॉरंटी. फोटोत एसटीएमचा बॉक्स उभा होता, त्यावरचा नंबर स्वच्छ वाचता येत होता आणि शेजारी लेन्स आडवी ठेवलेली होती. म्हणाला, "काका, नंबरसुद्धा दिसतोय, अजून काय पाहिजे?"

नंबर बॉक्सवरचा होता. लेन्सवरचा नंबर फोटोत आलाच नव्हता. रिकामे बॉक्स दुकानदार जपून ठेवतात, जुन्या मालाला चांगली किंमत येते म्हणून. त्यामुळे बॉक्स खरा आणि आतली लेन्स भलतीच, हे सहज घडतं. दोन्ही नंबर एकाच फोटोत शेजारी वाचता आले, तरच दोन वस्तू एकमेकींच्या आहेत असं म्हणता येतं. तेवढंच म्हणता येतं, कारण स्टिकर छापणं काही अवघड नाही.

या लेन्सच्या बाबतीत घोटाळ्याला भरपूर वाव आहे. कॅननची ५० मिमी एफ/१.८ 'टू', म्हणजे नावापुढे II असलेली, १९९० साली आली, एसटीएम २०१५ साली. आडव्या ठेवलेल्या फोटोत दोन्ही काळे प्लास्टिकचे डबेच. पण एसटीएमला मागचा माउंट, म्हणजे कॅमेऱ्याला जोडायचा भाग, धातूचा आहे, 'टू'ला तो काळ्या प्लास्टिकचा. एसटीएमवर ४९ मिमीचा फिल्टर बसतो, 'टू'वर ५२ मिमीचा. एसटीएम ३५ सेंटिमीटरवरून फोकस करते, 'टू' ४५ वरून. फोटो मागायचे ते याच जागांचे: मागचं झाकण काढून माउंटचा आणि समोरच्या कड्यावरच्या अक्षरांचा. छान उजेडात काढलेला बाजूचा फोटो इथे कामाचा नाही.

आता व्हॉट्सअॅप. पुतण्याने आधी तिथेच विचारलं होतं. उत्तर पाच मिनिटांत आलं खरं: "सर सेम टू सेम, हंड्रेड परसेंट ओरिजिनल." कशाशी सेम? फोटोशी की जाहिरातीतल्या नावाशी? प्रश्न मोघम होता, उत्तरही मोघमच आलं. दुसरी अडचण तांत्रिक आहे. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबून लहान होतो, बारीक अक्षरं पुसट होतात आणि फाइलमध्ये कॅमेऱ्याने लिहिलेली माहिती गळून जाते. या लेन्सने काढलेल्या फोटोत कॅमेरा लेन्सचं नावही नोंदवतो. ते वाचायचं तर मूळ फाइल हवी, ती मेलला जोडून सुरळीत येते. (ती माहिती बदलताही येते, म्हणून एकट्या तिच्यावर विसंबू नये.)

मी पाठवलेला मेल हा असा:

विषय: ५० मिमी एफ/१.८ एसटीएम, खरेदीआधी चौकशी

"नमस्कार,
आपल्या जाहिरातीत मॉडेल 'EF 50mm f/1.8 STM' असं लिहिलं आहे. पैसे भरण्याआधी खालील गोष्टी कळवाव्यात.
१. फोटोतली लेन्स हीच मला मिळणार आहे का, की फोटो नमुन्याचा आहे?
२. समोरच्या कड्यावरची अक्षरं, मागचा माउंट, आणि लेन्सवरचा व बॉक्सवरचा नंबर एकत्र, असे तीन फोटो मेलला जोडावेत. याच लेन्सने एफ/४ ला काढलेला, मागे दिवे असलेला एक फोटो मूळ फाइलसह पाठवावा.
३. बॉक्सवर आयातदाराचं नाव आणि एमआरपी छापलेलं स्टिकर आहे का? त्याचा फोटो.
४. एक वर्षाची वॉरंटी कोणाची, कॅनन इंडियाची की दुकानाची? ती कोणत्या तारखेपासून धरायची? बिलावर मॉडेल आणि सिरीयल नंबर लिहून मिळेल का?
५. लेन्स जाहिरातीतल्या मॉडेलची नसेल तर परत घ्याल का, आणि कुरिअरचा खर्च कोणाचा?
कळावे."

दिव्यांचा फोटो का मागितला, असं पुतण्याने विचारलं. एफ/४ ला लेन्सच्या आतल्या, उजेड कमी-जास्त करणाऱ्या झडपा थोड्या मिटतात आणि मागचे अंधूक दिवे झडपांच्या भोकाचा आकार घेतात. 'टू'ला पाच झडपा, म्हणून दिवा पंचकोनी दिसतो. एसटीएमला सात, त्याही गोलाकार, म्हणून दिवा जवळजवळ गोल राहतो. रामकुंडावर संध्याकाळी एकदा काढून बघा, फरक डोळ्यांना दिसतो. लेन्सवरची अक्षरं बदलता येतात, पण आतल्या झडपा कोणी बदलत बसत नाही.

वॉरंटीचा मुद्दा मला या सगळ्यात जास्त चुकीचा वाटतो. कंपनीची वॉरंटी असते ती कंपनीच्या अधिकृत वाटेने इथे आलेल्या मालाला. तीच लेन्स कोणी परदेशातून बॅगेत घालून आणली, तर ती अस्सल असूनही इथल्या सर्व्हिस सेंटरने वॉरंटी नाकारली असं होऊ शकतं. म्हणजे 'ओरिजिनल आहे का?' आणि 'वॉरंटी मिळेल का?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. माल कोणत्या वाटेने आला हे कंपनीला विचारून कळायला नंबर हातात हवा, आणि तो विक्रेत्याकडूनच मिळणार. आयातदाराच्या स्टिकरचा प्रश्न यासाठीच: आयात केलेल्या पॅकबंद मालावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी असणं वजनमापाच्या नियमांनी बंधनकारक आहे. ते नसेल तर शंका घ्यायला जागा आहे. तारखेचा प्रश्नही तसाच. बॉक्स आधीच उघडलेला, मग वर्ष तुमच्या बिलापासून की पहिल्या बिलापासून?

ऑनलाइन विक्रीचे २०२० चे नियम तर विक्रेत्याकडूनच वॉरंटीची माहिती मागतात. वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला त्याला नकार देता येत नाही. तक्रार करायची वेळ आलीच तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ती आपण राहतो तिथे, म्हणजे नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, मुंबईला खेपा नाहीत. तिथे पुढे ठेवायला त्याच्या मेलमधलं 'हो, एसटीएमच आहे' हे एक वाक्य हाती असलं म्हणजे बरं. फोनवर बोललेलं कोण सिद्ध करणार?

उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. दिव्यांचा फोटो नव्हता, स्टिकरबद्दल अवाक्षर नव्हतं. माउंटचा फोटो मात्र होता, काळं प्लास्टिक. समोरच्या कड्यावर 1:1.8 च्या पुढे सरळ II लिहिलेलं. खाली मजकूर: "मुलाने चुकून दुसरा बॉक्स ठेवला. वॉरंटी दुकानाची सहा महिने. घेणार असाल तर किंमत कमी करू." 'टू' काही वाईट लेन्स नाही, जुन्या मालाच्या भावात मिळाली तर मीही घेईन. पण पुतण्याने आधीच ४९ चा फिल्टर आणून ठेवला होता, म्हणून त्याने सोडून दिलं. आठ दिवसांनी जाहिरात उघडून पाहिली. फोटोत तोच बॉक्स उभा होता.