लेहमधली फिकी कॉफी: दोष उंचीचा कमी, थंड भांड्याचा जास्त

"हिल स्टेशनवर पाणी कमी तापमानालाच उकळतं, त्यामुळे तिथे कॉफी कच्चीच राहते. उपाय तीन: पाणी दहा मिनिटं खळखळ उकळू द्या, पावडर दुप्पट घाला, किंवा कुकरमध्ये पाणी तापवून वापरा. एवढा खटाटोप नको असेल तर सरळ इन्स्टंट प्या."

असा सल्ला नेहमी मिळतो. त्यातलं पहिलं अर्धं वाक्य बरोबर आहे. पण सगळ्या हिल स्टेशनांना एका माळेत ओवलं की गडबड होते. ढोबळ हिशेब असा की साधारण ३०० मीटर चढलं की पाण्याचा उत्कलनबिंदू एका अंशाने उतरतो. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे, तिथे पाणी ९५.५ अंशांच्या आसपास उकळतं. उटीला, म्हणजे सव्वादोन हजार मीटरवर, ९२.५ अंशांना. कॉफीच्या बहुतेक कृतींमध्ये पाणी ९० ते ९६ अंशांचं हवं असं लिहिलेलं असतं, म्हणजे ही दोन्ही गावं त्यात आरामात बसतात. मुंबईत किटली बंद झाल्यावर अर्धा-एक मिनिट थांबायला सांगतात, ते पाणी याच तापमानावर यावं म्हणून. महाबळेश्वरला ते थांबणं सोडून द्यायचं, झालं. चिकमगळूर हजार मीटरच्या वर आहे आणि इथिओपियातलं अदिस अबाबा जवळजवळ उटीइतकं उंच. कॉफी जिथे पिकते आणि जिथे घराघरात रोज होते तिथेच ती कच्ची राहते म्हणायचं, तर अवघड आहे.

खरा प्रश्न लेहपासून सुरू होतो. ३,५०० मीटरवर पाणी ८८ अंशांना उकळतं, शिफारशीच्या खाली. पण ती खालची रेषाही दगडावर कोरलेली नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०२० साली ८७, ९० आणि ९३ अंशांच्या पाण्याने फिल्टर कॉफी करून प्रशिक्षित चाखणाऱ्यांना दिली. कपातला कडकपणा आणि पावडरीतून उतरलेल्या अर्काचं प्रमाण सारखं ठेवल्यावर तापमानाचा चवीवर फारसा परिणाम दिसला नाही. ८७ म्हणजे लेहच्या उकळत्या पाण्यापेक्षाही कमी. फक्त त्यातली अट विसरायची नाही: अर्क तेवढाच उतरला पाहिजे. पाणी कमी गरम असेल तर तो हळू उतरतो, म्हणून पावडर जरा बारीक लागते किंवा वेळ जास्त लागतो.

मग लेहच्या होमस्टेमध्ये कॉफी आंबट आणि पाणचट का होते? बऱ्याचदा कारण भांडं असतं. ऑक्टोबरातली सकाळ धरा, खोलीत दहा अंश. काचेचा फ्रेंच प्रेस, त्यातली काच साधारण २०० ग्रॅम, ३०० मिली पाणी आणि २० ग्रॅम पावडर. ८८ अंशांचं पाणी थंडगार काचेत ओतलं की काच तापताना नऊएक अंश खाते आणि थंड पावडर आणखी दोन. पावडर प्रत्यक्षात भिजते ती ७७ अंशांना. आता मुंबईत या. खोली २८ अंशांवर, पाणी थोडं थांबून ९५ चं, भांडं न तापवलेलं. तिथे हाच हिशेब केला तर मिश्रण ८५ च्या आसपास येतं. आणि लेहमध्ये तेच भांडं आधी उकळत्या पाण्याने नीट तापवलं, तर मिश्रण येतं ८४-८५ वर. म्हणजे भांडं तापवलं की लेहचा कप मुंबईच्या रोजच्या कपाशी जवळजवळ बरोबरी करतो. उंचीने घेतलेलं सगळं परत मिळत नाही, पण थंडीने घेतलेलं मिळतं, आणि मुंबईच्या ९५ शी तुलना केली तर तेच जास्त होतं.

आता ते तीन उपाय. दहा मिनिटं उकळल्याने पाणी तसूभरही जास्त तापत नाही. एकदा उकळी आली की पुढची सगळी उष्णता वाफ करण्यात जाते. गॅस कितीही मोठा करा, लेहमध्ये पाणी ८८ लाच राहतं. सिलिंडर मात्र रिकामा होतो. जाता जाता किटलीबद्दल सांगतो. साधी विजेची किटली वाफ लागली की बंद होते, त्यामुळे ती कुठेही नीट चालते. पण तापमान लावता येणाऱ्या किटलीवर लेहमध्ये ९५ लावलंत तर ते तापमान कधी येणारच नाही आणि ती पाणी आटवत बसेल. तिथे सरळ उकळीचं बटण दाबा.

कुकरचा उपाय ऐकायला शहाणपणाचा वाटतो. कुकरात लेहमध्येही पाणी ११० च्या वर जातं, डाळ शिजते ती त्यामुळेच. पण डाळ शिजते तेव्हा कुकर बंद असतो. कॉफीसाठी पाणी बाहेर काढावं लागतं, आणि दाब उतरून झाकण निघेपर्यंत ते पुन्हा ८८ वर आलेलं असतं. जास्तीची उष्णता वाफेबरोबर गेली. मग पावडरच कुकरात घालावी का? अजिबात नको. फेस आणि कण शिट्टीच्या वाटेत अडकू शकतात, ते धोक्याचं आहे. आणि एवढ्या तापमानाला कॉफी कडू होते, वास उडून जातो. दाबाखाली पाणी ढकलणाऱ्या एस्प्रेसो मशीनची गोष्ट वेगळी, तिला उंचीचा त्रास फारसा होत नाही.

दुप्पट पावडर हा तिन्हींतला सर्वांत फसवा उपाय, कारण त्याने काहीतरी घडतं. कप काळा होतो, जोरकस लागतो. पण तेवढ्याच पाण्यात पावडर वाढवली की प्रत्येक कणातून अर्क आणखी कमी उतरतो. आधी फिकी आंबट होती, आता दाट आंबट होते. त्यात पावडर चिकोरीची असेल तर कळतही नाही. चिकोरी कॉफीपेक्षा खूप सहज विरघळते, कमी गरम पाण्यातही रंग आणि दाटपणा देते. डिकॉक्शन काळंभोर दिसतं आणि दूध घातल्यावर कॉफीचा वास कुठे गेला म्हणून आपण शोधत बसतो. रंगावरून ठरवू नका.

तर लेहमध्ये फ्रेंच प्रेसची कॉफी अशी करा. २० ग्रॅम पावडर, ३०० मिली पाणी, प्रमाण नेहमीचंच. दळण मात्र फ्रेंच प्रेससाठी असतं तसं जाड रव्यासारखं न घेता बारीक रव्याइतकं घ्या. मध्यम किंवा त्याहून जरा गडद भाजणी निवडा. हलक्या भाजणीचे दाणे घट्ट असतात, त्यांच्यातून अर्क काढायला उष्णता जास्त लागते, आणि तीच इथे कमी आहे. प्रेस उकळत्या पाण्याने काठोकाठ भरा, झाकण ठेवा, दोन मिनिटं थांबा. कपही असाच तापवा. ते पाणी फेकून किटली पुन्हा उकळा, आणि उकळी फुटलेली असतानाच अर्धं पाणी पावडरीवर ओता. किटली भांड्याच्या तोंडाशी धरा; उंचावरून बारीक धार सोडली तर पाणी हवेतच निवतं. एकदा ढवळा, उरलेलं पाणी ओता, झाकण लावा आणि जाड टॉवेल गुंडाळा. चार मिनिटांऐवजी सहा-सात मिनिटं ठेवा. दट्ट्या सावकाश दाबा, कारण बारीक दळणामुळे तो जड जातो.

चाखल्यावर कुठे चुकलं ते कळतं. जिभेच्या कडांना झोंबणारा आंबटपणा, कच्च्या शेंगदाण्यासारखी किंवा गवताळ चव आणि घोट गिळताच चव संपणं, ही अर्क कमी उतरल्याची खूण. पुढच्या वेळी दोन मिनिटं वाढवा. तरीही तसंच राहिलं तर दळण एक पायरी बारीक करा. दोन्ही एकदम बदलू नका, नाहीतर काय लागू पडलं ते कळणार नाही. उलट तोंड कोरडं पडलं, कडवटपणा मागे रेंगाळला, तर जास्त उतरलं. लेहमध्ये हे फार बारीक दळल्यावरच होतं.

स्टीलच्या दाक्षिणात्य फिल्टरला थंडी सर्वांत जास्त बाधते, कारण धातू बराच आणि पाणी थोडं. वरचं भांडं १५० ग्रॅमचं धरलं आणि त्यात २० ग्रॅम पावडरीवर फक्त १०० मिली पाणी पडलं, तर लेहच्या त्याच दहा अंशांच्या खोलीत मिश्रण ७२ अंशांवर येतं. सोळा अंश भांड्याने आणि पावडरीने खाल्ले. उंचीने खाल्लेले बाराच होते. इथे दळण बारीक करायचा मोह आवरा, भोकं बुजतात आणि डिकॉक्शन तासभर थेंब थेंब पडत राहतं. त्याऐवजी दोन्ही भांडी उकळत्या पाण्यात बुडवून काढा, वरचं आतून पुसून मग पावडर घाला. ओल्या तळाला चिकटलेली पावडरही भोकं बुजवते. दाबचकती हलकीच दाबा, उकळतं पाणी ओता, झाकण लावा आणि पूर्ण फिल्टर गरम पाण्याच्या पातेल्यात उभा करा. पातेल्यातलं पाणी खालच्या भांड्याच्या निम्म्यापर्यंतच असू द्या.

इन्स्टंटचं म्हणाल तर तिला उंचीचा काही फरक पडत नाही, तिचा अर्क कारखान्यातच काढलेला असतो. आवडत असेल तर खुशाल प्या, जायफळ घालून दुधात उकळा. फक्त दूधही तिथे लवकर उतू जातं.

त्सो मोरीरीसारख्या साडेचार हजार मीटरवरच्या जागी पाणी ८५ ला उकळतं. तिथे ओतण्याच्या पद्धतींचा हट्ट मी धरणार नाही. ओतलेलं पाणी पहिल्या क्षणापासून निवत जातं, पण विस्तवावरचं पातेलं सगळा वेळ ८५ वर टिकतं, आणि तेवढं पुरतं. इथिओपियात जेबेना नावाच्या मातीच्या भांड्यात कॉफी विस्तवावरच उकळतात. ३०० मिली पाण्यात २० ग्रॅम मध्यम दळलेली पावडर घाला, उकळी आली की आच मंद करून झाकणाखाली तीन-चार मिनिटं नुसती हलती ठेवा. मग उतरवून चमचाभर थंड पाणी वरून शिंपडा, तीन मिनिटांत गाळ खाली बसतो. पातेलं न हलवता वरची कॉफी तापवलेल्या कपात ओता, शेवटचा घोटभर गाळासकट पातेल्यातच राहू द्या.