जर्नल शाबूत, फाइल मात्र शून्य बाइट

«ext4 जर्नलिंगवाली फाइल सिस्टीम आहे, वीज गेली तरी फाइल जात नाही. मशीन परत चालू होताना fsck अख्खी डिस्क तपासून अर्धवट राहिलेलं भरून काढतं. तरीही अडलंच तर `fsck -y` मारा, काम फत्ते.»

असा सल्ला सर्रास दिला जातो. त्यातलं पहिलं विधान सगळ्यात जास्त फसवं आहे, म्हणून त्यावरच जास्त बोलतो. ext4 नेहमीच्या मांडणीत (`data=ordered`) जर्नलमध्ये फाइलचा मजकूर लिहीतच नाही. तिथे जातो तो फक्त हिशेब: कोणता आयनोड वापरात आला, डिरेक्टरीत कोणतं नाव चढलं, कोणते ब्लॉक कुणाला दिले.

समजा, एका प्रोग्रामने नवी फाइल उघडली, त्यात ४० केबी लिहिलं आणि ती बंद केली. मजकूर अजून मेमरीतच आहे. ext4 ब्लॉक वाटायची घाई करत नाही. साधारण ३० सेकंदांनी किंवा कुणी `fsync` मागितलं की मगच तो डिस्कवर जागा ठरवतो. नाव आणि आयनोड मात्र साधारण दर ५ सेकंदांनी होणाऱ्या कमिटबरोबर जर्नलमध्ये उतरतात. आता बाराव्या सेकंदाला वीज गेली. मशीन पुन्हा चालू केल्यावर फाइल दिसते, नाव बरोबर असतं, आकार शून्य. कुठलीही चूक नोंदवलेली नाही, कारण फाइल सिस्टीमच्या दृष्टीने शून्य बाइटची फाइल अगदी वैध आहे. तिसऱ्याच सेकंदाला वीज गेली असती आणि तोवर कमिट झालं नसतं, तर नावही दिसलं नसतं.

`ordered` म्हणजे मजकूर आधी आणि हिशेब नंतर, हे खरं. पण ती शिस्त ज्यांना ब्लॉक मिळाले आहेत त्या मजकुरापुरती. इथे ब्लॉकच वाटलेले नव्हते, मग वाट कुणाची पाहायची? ज्या प्रोग्रामला मजकूर जपायचा आहे त्याने तात्पुरत्या नावाने लिहावं, `fsync` करावं आणि मग `rename` करावं. डेटाबेसवाले `fsync`ला एवढं का जपतात ते यातून कळतं.

आता चालू होतानाचं. बहुतेक वेळा स्क्रीनवर एवढंच येतं:

```
/dev/sda2: recovering journal
/dev/sda2: clean, ...
```

पहिल्या ओळीत जर्नल पुन्हा वाचलं जातं. प्रत्येक व्यवहाराच्या शेवटी कमिट ब्लॉक असतो. तो सापडला तर त्या व्यवहारातले ब्लॉक आपापल्या जागी लिहिले जातात. नसेल तर व्यवहार अख्खा सोडून दिला जातो. म्हणजे अर्धवट राहिलेलं भरून निघत नाही, टाकून दिलं जातं, आणि त्यामुळेच हिशेब सुसंगत राहतो. काम काही क्षणांत उरकतं, कारण फक्त जर्नल वाचावं लागतं. दुसऱ्या ओळीतल्या `clean`चा अर्थ «सगळं तपासलं» असा नाही. सुपरब्लॉकवर चूक झाल्याची खूण नाही म्हणून पुढे तपासलंच नाही, असा आहे. आयनोड, डिरेक्टऱ्या, त्यांची जोडणी, लिंकची संख्या आणि मोकळ्या जागेचे नकाशे अशा पाच फेऱ्यांची पूर्ण तपासणी `-f` दिल्यावर किंवा तशी खूण असल्यावरच होते. त्या फेऱ्यांतही तुमच्या फाइलमधला मजकूर बरोबर आहे का, हे कुणी पाहत नाही.

जर्नलच्या या भरवशालाही एक अट आहे: डिस्कने «लिहिलं» म्हटल्यावर खरंच लिहिलेलं असावं. कॅशमध्ये ठेवून खोटं सांगणारी डिस्क असेल तर कमिट ब्लॉक आधी आणि त्याचा ऐवज नंतर, असा उलटा क्रम होऊ शकतो. मग जर्नलवरही भरवसा उरत नाही आणि पाचही फेऱ्या खरोखर लागतात.

राहिलं `-y`. त्याचा अर्थ प्रत्येक प्रश्नाला «हो», आणि त्यात हा आयनोड पुसू का, हाही प्रश्न असतो. डिरेक्टरीचा ब्लॉक बिघडला असेल तर तिच्यातल्या फाइली `lost+found`मध्ये `#131075` अशा आयनोड क्रमांकाच्या नावांनी येतात. मूळ नावं गेलेली असतात. शेकडो फाइली अशा निनावी झाल्यावर ओळखत बसायला किती वेळ लागेल, ते तुम्हीच ठरवा. माउंट असलेल्या विभाजनावर हे चालवणं तर निव्वळ आत्मघात आहे.

मी आधी विभाजन अनमाउंट करून `e2fsck`ने, म्हणजे ext4साठीच्या fsckने, नुसतं पाहतो:

```
e2fsck -fn /dev/sda2
```

इथे एक खोच आहे. `-n` काहीच लिहीत नाही, म्हणून ते जर्नलही पुन्हा चालवत नाही आणि तशी सूचना देतं. न चाललेल्या जर्नलमुळे दिसणाऱ्या चुका खऱ्या नसतात. म्हणून जर्नल बाकी असेल तर आधी `e2fsck -p` चालू द्यावं, मग पुन्हा `-fn`. कर्नलच्या लॉगमध्ये वाचनाच्या चुका (`I/O error`) दिसत असतील तर मात्र यातलं काहीच नको. आधी `ddrescue`ने दुसऱ्या डिस्कवर प्रत काढा आणि दुरुस्ती त्या प्रतीवर करा.