मऊ खिचडी ‘दगड’ झाली म्हणता, त्याबद्दल

एक स्टार. “आईचं वय 82, दात नाहीत, भूकही लागत नाही, म्हणून इथून ‘मऊ जेवण’ मागवलं. 120 रुपयांना वाटीभर खिचडी, तीही दगडासारखी घट्ट. पाणी घालून पातळ केली तर दोन घासांत आईला जोरात ठसका लागला. सगळी टाकून दिली. म्हाताऱ्या माणसांच्या नावावर लूट चाललीय. कुणी मागवू नका.”

किचनकडून उत्तर :

दादा, नमस्कार. काकूंना त्रास झाला, त्याबद्दल मनापासून क्षमा मागते. घरातल्या वयस्कर माणसाला ठसका लागला की काळजाचं पाणी होतं, हे मला सांगायला नको. पैसे त्याच संध्याकाळी परत पाठवले आहेत, आले नसतील तर कळवा.

आता ‘दगड’ म्हणालात, त्यावर मात्र बोलल्याशिवाय राहवत नाही. ‘लूट’ एकवेळ सोडून देईन, पण ‘दगड’ वाचून काल इथल्या, सांगलीतल्या विश्रामबागेतल्या एका घरातून फोन आला, “पुढच्या महिन्यापासून नको.” त्या आजी चांगल्या खात होत्या.

तुमच्या घरी डबा 12 वाजून 20 मिनिटांनी पोचला. आमच्या डबे पोचवणाऱ्या मुलाने दारात दिला, तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी घेतला, तसा मेसेज तुम्हालाही पुण्यात आला असेल. तुमचा रागाचा फोन आला साडेतीनला. तुम्हीच म्हणालात, “आई झोपली होती, मावशींनी आत्ता वाढलं.” म्हणजे तीन तास. दादा, तांदळाची कुठलीही मऊ गोष्ट तीन तास ठेवली तर घट्ट होणारच, मग ती माझी असो की तुमच्या आईंच्या हातची. कुकरमधून काढताना भाताचा कण पाणी पिऊन फुगलेला असतो. निवत गेला की त्यातला पिठूळ भाग आवळत जातो आणि मोकळं पाणीही शोषून घेतो. वरचं तूप गोठतं ते वेगळंच. फ्रिजमध्ये ठेवला तर हे सगळं आणखी लवकर होतं. पेज, उकड, लापशी, सगळ्यांची हीच गत.

हे मी अंदाजाने सांगत नाही. रोजच्या घाण्यातली एक वाटी मी किचनमध्ये झाकून ठेवते, कुणाची तक्रार आली तर बघता यावी म्हणून. तुमचा फोन ठेवला आणि ती उघडली. तीही घट्टच झाली होती, ते मी नाकारत नाही. चमचा उभा राहत होता. मग निम्मी एका भांड्यात काढून तुम्ही सांगितलं तसं माठातलं पाणी घातलं आणि ढवळलं. पाणी एकीकडे, गोळ्या एकीकडे. वरून पातळ दिसतं, पण चमच्यात घेतलं की पाणी ओघळतं आणि खाली भाताची गोळी राहते. दात नसलेल्या माणसाला ठसका लागतो तो पुष्कळदा अशाच मिश्रणाने. पाणी जिभेवरून सुळकन घशात उतरतं आणि गोळी अजून तोंडातच घोळत असते. गिळायचं काय आणि थांबवायचं काय, हे त्या घशाला एकाच वेळी जमत नाही. पातळ आमटीत भाताची शितं तरंगतात, तेव्हाही हेच होतं. लोकांना वाटतं पातळ म्हणजे सोपं. सगळ्यांच्या बाबतीत ते खरं नाही.

उरलेल्या निम्म्या वाटीत मी तीन-चार चमचे उकळतं पाणी घातलं, झाकण ठेवून मंद आचेवर पाच मिनिटं ठेवली, आणि पळीच्या पाठीने भांड्याच्या कडेला रगडून एकजीव केली. परत सकाळसारखी झाली. चमच्यात घेऊन तिरकी केली की एकाच गोळ्यात घसरून पडते, चमच्याला जेमतेम पुसट थर राहतो. हीच पारख आहे आणि घरी कुणालाही करता येते. ओघळून धार लागली तर जास्त पातळ. चमचा उलटा केला तरी चिकटूनच राहिली तर जास्त चिकट, ती टाळूला बसते आणि कवळीखाली जाते. शिवाय काट्याने कण दाबून बघायचा, तो मोडला पाहिजे आणि मोडलेलाच राहिला पाहिजे. मायक्रोवेव्हचं मात्र जरा सांभाळून. कडा पोळतात, मध्यभाग गारच राहतो आणि वर कोरडी साय धरते. करायचंच असेल तर पाणी घालून, झाकून, मधेच एकदा ढवळून करा.

ही सगळी पद्धत डब्याच्या झाकणावरच्या चिठ्ठीत आहे. ‘2 तासांत खावे, उशीर होणार असल्यास लगेच फ्रिजमध्ये ठेवून उकळत्या पाण्याने सारखे करावे, एकदाच गरम करावे’ असं छापलेलं आहे. अक्षर बारीक आहे, ते मोठं करायला छापखान्यात सांगणार आहे. पण चिठ्ठी वाचायची तर झाकणाकडे बघावं लागतं, आणि मावशींना वाचता येतं का, हे मला कसं कळणार? तुम्ही सांगितलं असतं तर मी त्यांना फोनवर समजावून सांगितलं असतं. आणि दोन तास लिहिलंय ते चवीसाठी नाही. शिजलेला भात सांगलीच्या उन्हाळ्यात बाहेर राहिला की त्यात जंतू वाढतात, आणि त्यातल्या काहींचं विष पुन्हा उकळलं तरी जात नाही. एप्रिल-मेमध्ये मी तर तासाभरातच फ्रिजमध्ये ठेवायला सांगते. त्या दिवशी तुम्ही टाकून दिलीत ते बरंच झालं, तीन तास बाहेर राहिलेलं काकूंच्या पोटात जायला नको होतं.

आता 120 रुपयांची गोष्ट. ‘वाटीभर’ म्हणालात ती वाटी 300 ग्रॅमची आहे, आणि ती मुद्दामच लहान आहे. भूक नसलेल्या माणसापुढे भरलेलं ताट ठेवलं की ते आधीच म्हणतं, “एवढं नको.” मग दोन घासांवर उठतं. म्हणून आम्ही थोड्यात कस बसवतो. त्या वाटीत साधारण 30 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम मुगाची डाळ आणि 15 ग्रॅम तूप असतं. मिळून 300 कॅलरींच्या आसपास, त्यात जवळजवळ निम्म्या एकट्या तुपाच्या. तूप काढलं तर थोडी स्वस्त देता येईल, पण मग ते पोट भरणारं पाणीच होईल. तुम्ही पातळ केली तेव्हा एका वाटीच्या दोन वाट्या झाल्या असतील. काकू एरवी एक वाटी संपवतात असं धरलं, तरी निम्मंच पोटात गेलं असतं, आणि वर तुम्हाला वाटलं असतं की आज आईने पोटभर खाल्लं. म्हातारपणी वजन उतरतं ते पुष्कळदा असंच. सुरुवातीला लक्षात येत नाही. बांगड्या हातातून निसटायला लागतात, मग कवळी ढिली होते, कारण हिरड्याही झिजलेल्या असतात. ढिली कवळी टोचते, म्हणून आणखी कमी खाल्लं जातं.

म्हणून पुढच्या वेळी, माझ्याकडचं असो की कुणाचंही, अर्धी वाटी वाढा आणि अर्धी लगेच फ्रिजमध्ये ठेवा. दोन-अडीच तासांनी ती सारखी करून द्या. जेवणाआधी ग्लासभर पाणी देऊ नका, त्याने भूक मरते. तोंड कोरडं पडत असेल तर जेवणाआधी एक-दोन घोटच बरे. काही गोळ्यांनीही तोंड कोरडं होतं, ते डॉक्टरांना विचारा. चव लागत नाही म्हणत असतील तर फोडी न देता लोणच्याचा नुसता खार बोटभर लावा, किंवा मेतकूट. तोही बेतानेच, बीपीच्या माणसाला मीठ किती चालतं हे डॉक्टरच सांगतील. आणि जेवताना पाठ सरळ हवी, जेवून झाल्यावर अर्धा तास तरी आडवं होऊ देऊ नका.

एक गोष्ट मात्र मला खरंच लागली. नवीन ऑर्डर घेताना मी प्रत्येकाला विचारते, पाणी पिताना ठसका लागतो का? तुम्ही म्हणालात, “नाही, फक्त दात नाहीत.” आणि साडेतीनच्या फोनवर म्हणालात, “चहा पितानाही होतं तिला असं.” दादा, हे आधी कळलं असतं तर मी हा डबा पाठवलाच नसता. चहा-पाण्यालाही ठसका लागत असेल, खाल्ल्यावर आवाज घोगरा, ओला येत असेल, किंवा वरचेवर ताप, छातीत कफ होत असेल, तर ते दातांचं किंवा खिचडीचं दुखणं नाही, गिळण्याचं आहे. त्याची तपासणी स्पीच थेरपिस्ट करतात. मिरज अर्ध्या तासावर आहे, तिथे डॉक्टरांची वाण नाही. कुणाला किती घट्ट द्यायचं हे त्यांनी सांगितलं की मी तसं करून देते, काही घरांसाठी देतेच. पण त्यांच्या सांगण्याशिवाय, माझ्या मनाने घट्ट किंवा पातळ करून देणार नाही. माझं स्वयंपाकघर आहे, दवाखाना नाही.

तुम्ही पुण्यात बसून आईसाठी धडपडता, हे मला कळत नाही असं नाही. माझे निम्मे डबे अशाच मुला-मुलींच्या फोनवर जातात. फक्त तिथून डबा दिसत नाही, इथून ताट दिसत नाही, आणि मधल्या तीन तासांचा राग एका स्टारवर निघतो. बदल म्हणून एवढं करते. ज्यांच्या घरी वाढायला दुसरं माणूस असतं, त्यांच्या घरी पहिल्या दिवशी आमचा मुलगा सारखं कसं करायचं ते दाखवून येईल. जमेल तसं. सगळ्यांकडे लगेच जमणार नाही, मुलगा एकच आहे.

काकूंसाठी परत मागवायचं असेल तर डॉक्टरांना दाखवून झाल्यावर मागवा, पहिल्या डब्याचे पैसे घेणार नाही. स्टार बदलायचे की नाही, तो तुमचा प्रश्न. फोन सकाळी नऊच्या आत करा. नंतर मी कुकरपाशी असते, उचलला जात नाही, आणि मग त्याचंही कुणी रिव्ह्यूमध्ये लिहितं.