खात्रीची चाल संपली म्हणजे गणित संपलं नाही

दावा: "माइनस्वीपरमध्ये खात्रीचं घर उरलं नाही की सगळं नशीब. दोन घरांत एक बॉम्ब म्हणजे फिफ्टी-फिफ्टी, त्यात डोकं लावून उपयोग नाही. असे पेच शेवटी ठेवायचे आणि कुठेतरी क्लिक करायचं."

आधी फिफ्टी-फिफ्टीचं बघू. ओळीत तीन बंद घरं आहेत: अ, ब, क. झेंडे वजा केल्यावर एका आकड्याला अ-ब मध्ये एक बॉम्ब हवाय, दुसऱ्याला ब-क मध्ये एक. त्यांना तिसरा कुठलाच आकडा लागून नाही. काउंटर ५ दाखवतोय आणि कुठल्याही आकड्याला न लागलेली आणखी २० घरं बंद आहेत.

मांडण्या दोनच: एकट्या ब मध्ये बॉम्ब, नाहीतर अ आणि क दोन्हीत. मांडण्या दोन आहेत म्हणून शक्यता निम्मी-निम्मी धरायची, इथेच चूक होते. पाचांपैकी एक बॉम्ब अ-ब मध्ये नक्की आहे. उरलेले चार क आणि ती २० घरं, अशा २१ घरांत कसेही पडू शकतात, आणि ते पडले की अ-ब चा निकाल आपोआप लागतो. म्हणून क मध्ये बॉम्ब असण्याची शक्यता २१ पैकी ४, सुमारे १९ टक्के. अ चीही तेवढीच. ब ची मात्र ८१ टक्के!

काउंटर न बघता खेळणाऱ्याला हे दिसणारच नाही. तोच काउंटर १ वर असता, तर अ आणि क खात्रीने सुरक्षित ठरले असते. १२ वर असता तर पारडं फिरून ब किंचित बरं ठरलं असतं.

"कुठेतरी क्लिक" हेही पटत नाही. त्या २० घरांपैकी कुठलंही उघडलं तरी धोका तोच, २१ पैकी ४. पण अ उघडून वाचलात, तर ब वर बॉम्ब पक्का आणि क फुकटात मोकळं. शिवाय अ आणि क मधले आकडे पलीकडच्या घरांची माहिती देतात. सारख्या धोक्यात जास्त उलगडणारं घर निवडणं हे कौशल्यच आहे.

खरी फिफ्टी-फिफ्टी असते, हे मान्य. भिंत आणि पक्के बॉम्ब यांच्यात कोंडलेली दोन घरं, लागून असलेला प्रत्येक आकडा दोघांनाही शिवणारा, आणि कुठल्याही मांडणीत बॉम्ब एकच. तिथे काउंटरही मदत करत नाही. पण नेमका हाच पेच शेवटी ठेवू नये. नवी माहिती येणारच नसेल तर तो आत्ताच उघडा. हरलात तर पुढचा सगळा वेळ वाचतो. थांबायचं ते दोघांपैकी एकालाच शिवणारं एखादं शेजारचं घर अजून बंद असेल तेव्हा, कारण ते उघडल्यावर निघणारा आकडा पेच सोडवू शकतो.