होडी वर उचलली जाते ती का? (सातव्या प्रश्नाबद्दल)

प्रतिक्रिया: "सर, 'बल व दाब' धड्यावरच्या तुमच्या विधान-कारण प्रश्नांतला सातवा प्रश्न चुकला आहे. होडी खाडीतून समुद्रात गेली की वर उचलली जाते, हे विधान. समुद्राच्या पाण्यात प्लावक बल जास्त असतं, हे कारण. दोन्ही बरोबर असताना 'कारण चूक' हे उत्तर कसं? मुलीने पुस्तक उघडून दाखवलं, घनता जास्त तर प्लावक बल जास्त."

उत्तर:

पुस्तक बरोबर आहे, मुलगीही निम्मी बरोबर आहे, आणि निम्मी चूक माझी आहे.

पण पुस्तकातलं ते वाक्य पूर्ण बुडालेल्या वस्तूला लागू पडतं. चिऱ्याचा दगड दोरीला बांधून आधी नदीत आणि मग समुद्रात बुडवला, तर दोन्हीकडे तो तेवढंच पाणी बाजूला सारतो. समुद्राचं पाणी जड, म्हणून तिथे बल जास्त. होडीचं तसं नाही. ती तरंगते, म्हणजे तिच्यावरचं प्लावक बल तिच्या वजनाएवढंच असणार. गोवळकोटला चिरे भरलेली होडी दाभोळच्या बाहेर गेली म्हणून तिचं वजन वाढत नाही, मग बल तरी का वाढेल?

आकडे घेऊ. मालासकट होडी 2050 किलो. गोड्या पाण्याची घनता घनमीटरला 1000 किलो, म्हणून ती 2.05 घनमीटर पाणी सारते. समुद्राची साधारण 1025, तिथे 2 घनमीटर पुरतं. फरक 50 लिटरचा. पाण्याच्या रेषेपाशी होडीचं क्षेत्रफळ 10 चौरस मीटर धरलं तर ती जेमतेम अर्धा सेंटीमीटर वर येते. लाटांत हे कुणाला दिसायचं नाही, पण मोठ्या जहाजांच्या अंगावर गोड्या पाण्याची भाररेषा खाऱ्या पाण्याच्या रेषेच्या वर आखलेली असते ती ह्याचसाठी. (खाडीचं पाणी भरतीला मचूळ होतं, तेव्हा फरक आणखी कमी.)

माझी चूक अशी की कारणात 'कुणावरचं बल' हे मी लिहिलंच नाही. दगड डोळ्यासमोर आणला तर ते वाक्य खरं ठरतं. म्हणून आता ते 'होडीवरचं प्लावक बल समुद्रात जास्त असतं' असं केलं आहे. उत्तर तेच: विधान बरोबर, कारण चूक.

त्याच विधानाखाली मी आणखी दोन कारणं जोडली आहेत. 'समुद्राच्या पाण्याची घनता जास्त असते' हे योग्य स्पष्टीकरण. 'खोलीबरोबर पाण्याचा दाब वाढतो' हेही खरं, होडी मुळात तरंगते ती त्यामुळेच. पण दाब खोलीबरोबर नदीतही वाढतो आणि समुद्रातही. विधानात दोन पाण्यांची तुलना आहे, तर कारणातही त्या दोघांत जे वेगळं आहे तेच यायला हवं. म्हणून तिथे उत्तर 'दोन्ही बरोबर, पण कारण हे स्पष्टीकरण नाही'. वर्गात पोरं सर्वांत जास्त घसरतात ती इथेच. दोन्ही वाक्यं एकाच धड्यातली आणि खरी दिसली की डोळे मिटून पहिला पर्याय, 'दोन्ही बरोबर आणि कारण हेच स्पष्टीकरण'.

मुलीला हे तिन्ही पुन्हा सोडवायला द्या. तिसऱ्यावर ती भांडली तर इथेच लिहा.