तुळस, टँकर आणि सहा चित्रं: एका प्रतिक्रियेला उत्तर

घरकामाच्या सूचना शब्दांऐवजी चित्रांनी सांगाव्यात, असं मी लिहिलं होतं. त्यावरची ही प्रतिक्रिया: "चित्रांचं कौतुक पुरे. वाघोलीत आमच्याकडे टँकरचं पाणी. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी वापरायचा तक्ता केला: थेंब, बाण, बादली, कुंडी, फरशी, कमोड. शब्द एकही नाही. मावशींनी रोज कुंड्यांना तेच पाणी घातलं, महिन्याभरात तुळस गेली. दोन ओळी मराठीत लिहिल्या असत्या तर हे झालं असतं का?"

उत्तर: मावशींनी तक्त्यात होतं तेच केलं. कुंडीचं चित्र तिथे होतं आणि बाणही होता. तुळशीला दुसरं कारणही असू शकतं, पण मातीवर किंवा कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसत असेल तर क्षार साचलेत असं समजा.

हिशेब करून बघा. समजा टँकरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेले क्षार, ६०० मिलिग्रॅम आहे आणि मशीन १ लिटर शुद्ध पाण्यामागे ३ लिटर बाहेर टाकतं. चार लिटरमध्ये २४०० मिलिग्रॅम क्षार आले. शुद्ध पाण्याबरोबर फार तर ४० गेले, बाकीचे त्या तीन लिटरमध्ये उतरले. म्हणजे लिटरमागे जवळजवळ ७९०. तेच मशीन १०० टीडीएसच्या पाण्यावर चाललं तर बाहेर १३०च्या आसपास येईल आणि ते कुंडीला चालेल. म्हणजे कुंडी तक्त्यात हवी की नको, हे टीडीएस मीटर ठरवतं. तो निर्णय चित्र काढायच्या आधी घरच्यांनी घ्यायचा. "अमुक असेल तर तमुक" हे चित्रात मांडायला गेलात की गोंधळ होतो.

मग कुंडीवर फुली मारायची का? मी नाही मारणार. घाईत बघणाऱ्याला बादली आणि कुंडी शेजारी दिसतात, फुली नंतर दिसते. तुमच्या घरी कुंडी तक्त्यातून काढूनच टाका. मनाई करायचीच असेल तर ती कुंडीजवळ चिकटवा, सिंकवर नको. एकच फुली मात्र ठेवा: पाण्याच्या ग्लासवर लाल गोल आणि तिरकी रेघ. बादलीतलं पाणी स्वच्छ दिसतं, त्यामुळे ते कुणी पिण्याची शक्यता खरी आहे.

उरलेला तक्ता असा. ए-४ कागद उभा, चार चौकटी एकाखाली एक. दोन रांगा केल्या की कुणी आडवं वाचतं, कुणी उभं.

पहिली चौकट नळीची. नळीचं तोंड बादलीच्या काठाच्या वर, पाण्यात बुडालेलं नाही, हे अंतर ठसठशीत दाखवा. नळी दुमडलेली दिसता कामा नये. ती दाबली गेली तर क्षार बाहेर न जाता मशीनमधल्या पाणी गाळणाऱ्या पडद्यावर साचतात. दुसरी चौकट भरलेल्या बादलीची, आणि तुमचा तक्ता बहुधा इथेच अडला असता. चार माणसांच्या घरात पिण्या-स्वयंपाकाला १० लिटर लागले तर ३० लिटर बाहेर पडतात. २० लिटरची बादली दिवसातून दोनदा रिकामी करावीच लागते. "भरत आली की" हे थेंबाच्या चित्राने कळत नाही. खऱ्या बादलीवर १५ लिटरच्या खुणेला लाल टेप लावा आणि चित्रातल्या बादलीवरही तशीच लाल रेघ काढा. तिसरी पोछ्याची, चौथी कमोडची.

शब्द लागतात ते क्रम आणि वेळ सांगायला. इथे तुमचं म्हणणं रास्त आहे. दुसऱ्या चौकटीत "सकाळ, संध्याकाळ", तिसरीत "आधी फरशी", चौथीत "उरलं तर". एवढे पुरेत. अक्षरं सव्वा सेंटिमीटर उंच, जाड वळणाची, आणि ओळीच्या वर-खाली मोकळी जागा, नाहीतर मात्रा आणि उकार चौकटीला चिकटतात. चित्र किमान चार सेंटिमीटर. निळं म्हणजे शुद्ध आणि करडं म्हणजे वाया जाणारं, असा फक्त रंगाचा भेद ठेवू नका; झेरॉक्समध्ये दोन्ही एकच होतात. वाया जाणाऱ्या पाण्यात तिरक्या रेघा मारा, त्या टिकतात.

आता तुमच्या दोन ओळींबद्दल. मावशींना वाचता येत असेल तर त्या चालतीलच. पण बदली बाई किंवा गावाहून आलेल्या आजी यांच्यासाठीही तक्ता असतो.

लावण्याआधी शब्दांवर कागद धरा आणि एकेका चौकटीवर बोट ठेवून विचारा, "मावशी, इथे काय करायचं?" "कळलं का?" असं विचारू नका, त्याला सगळे "हो" म्हणतात. उत्तर चुकलं तर समजावत बसू नका, तेच चित्र बदला. आणि उन्हाळ्यात सोसायटीने टँकर वाढवले की मीटर पुन्हा लावा, आकडा बदललेला असेल.